तीन स्ट्राइक, चार बॉल: क्रिकेट कळणाऱ्यांसाठी बेसबॉल

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट येतंय हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालंय, १९०० च्या पॅरिसनंतर पहिल्यांदाच, आणि तो शिक्का बसला तोसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत, ऑलिम्पिक कमिटीच्या बैठकीत. पण त्याच बैठकीत, त्याच यादीत बेसबॉलपण परत आला, त्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोललंच नाही. म्हणजे २०२८ च्या जुलैमध्ये एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन्ही बॅट-बॉलचे खेळ दिसणार, आणि आमच्या गोव्यातला माणूस क्रिकेटची मॅच संपली की चॅनेल बदलून बेसबॉलवर जाणार, पाच मिनिटं बघणार, आणि म्हणणार की हे काय चाललंय, कोणी मारतच नाही, सगळे नुसते उभे आहेत.

मला हा खेळ मनापासून आवडतो आणि क्रिकेट बघणाऱ्याला तो इतरांपेक्षा लवकर कळतो असं माझं ठाम मत आहे, कारण बॉलर आणि बॅट्समनची जी डोक्याची लढाई आपण बघतो तीच इथे आहे, फक्त हिशोब वेगळ्या ठिकाणी लिहिलेला असतो. आपण सवयीने कोपऱ्यातला स्कोर बघतो. बेसबॉलमध्ये स्कोर तासभर हलतच नाही, हलतो तो काउंट. काउंट म्हणजे काय ते पुढे येईलच, पण तो वाचता आला की खेळ उघडतो, नाहीतर बंदच राहतो.

आधी एक व्यवस्था करून घेऊ. ‘बॉल’ या शब्दाला बेसबॉलमध्ये एक खास अर्थ आहे, म्हणून हातात धरायच्या वस्तूला मी इथे चेंडू म्हणतो, म्हणजे गोंधळ नको.

पण स्टंप कुठायत?

हा प्रश्न पहिला येतो आणि बरोबरच येतो. बॉलर कशावर टाकतोय हे दिसलं नाही तर बघायचं काय?

बेसबॉलच्या बॉलरला पिचर म्हणतात. त्याला रनअप नाही. तो मातीच्या एका छोट्या उंचवट्यावर उभा राहतो, सगळ्यात वरचा भाग मैदानापेक्षा १० इंच उंच, आणि तिथे रोवलेल्या रबराच्या पट्टीला पाय टेकवून जागेवरूनच फेकतो. समोर ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे साधारण साडेअठरा मीटरवर, जमिनीत एक पांढरी पाटी बसवलेली असते, तिला होम प्लेट म्हणतात. आपली स्टंप ते स्टंप खेळपट्टी २० मीटरची, त्यामुळे अंतर बऱ्यापैकी सारखंच.

प्लेटच्या बाजूला बॅटर उभा असतो आणि मागे कॅचर उकिडवा बसलेला असतो, म्हणजे आपला विकेटकीपरच समजा, त्याच्याही मागे अंपायर. आता त्या प्लेटच्या वर हवेत एक खिडकीची चौकट टांगलीय अशी कल्पना करा. चौकटीची रुंदी प्लेटएवढी, १७ इंच. खालची कड बॅटरच्या गुडघ्याखाली, वरची कड त्याचे खांदे आणि पँटचा कमरपट्टा यांच्या बरोबर मध्ये. या चौकटीला स्ट्राइक झोन म्हणतात, आणि हेच बेसबॉलचे स्टंप. दिसत नाहीत, पडत नाहीत, पण सगळा खेळ त्यांच्याभोवती फिरतो. टीव्हीवर हल्ली ती चौकट स्क्रीनवर आखून दाखवतात त्यामुळे काम सोपं झालंय.

आपले स्टंप ९ इंच रुंद आणि ते जमिनीपासून सुरू होतात. इथली चौकट जवळपास दुप्पट रुंद पण ती गुडघ्यापासून सुरू होते. याचा परिणाम बघा: बूटाच्या टोकावर पडणारा यॉर्कर, आपल्याकडचा सगळ्यात कडक चेंडू, इथे पिचरचं नुकसान करतो, कारण तो चौकटीच्या खाली गेला. डोक्यावरचा बाउन्सर पण तसाच. इथे टप्पा हवाच नसतो, प्रत्येक चेंडू फुलटॉस, त्यामुळे खेळपट्टी कशी वागतेय, भेगा पडल्यात का, दव आहे का, हे सगळं प्रकरणच नाही. जे काय वळवायचं ते हवेत.

मग फुलटॉस मारता येत नाही यांना?

हे फार ऐकू येतं. फोंड्याच्या बाजूला शेतात भातकापणी झाली की टेनिस बॉल टुर्नामेंट सुरू होतात, तिथे कोणी फुलटॉस टाकला की चेंडू सरळ माडांच्या पलीकडे जातो, मग हे प्रोफेशनल लोक फुलटॉस मिस कसे करतात?

पहिलं कारण हात. क्रिकेटमध्ये कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की चकिंग. इथे तसला नियमच नाही, कोपर वाकवून पूर्ण ताकदीने फेकायचं, आपण बाउंड्रीवरून थ्रो मारतो तसं. शोएब अख्तरने २००३ च्या वर्ल्डकपमध्ये लांब धाव घेऊन १६१.३ किलोमीटर वेग गाठला तो क्रिकेटमधला रेकॉर्ड. बेसबॉलमध्ये तेवढा वेग आज बरेच पिचर उभ्या जागेवरून काढतात, आणि रेकॉर्ड आहे आरोल्डिस चॅपमनचा, २०१० मध्ये ताशी १७० किलोमीटर. १६० च्या वेगाने सुटलेला चेंडू साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर असतो, त्यातला बराचसा वेळ मारायचं की सोडायचं एवढं ठरवण्यातच जातो.

दुसरं कारण बॅट. आपली बॅट सव्वाचार इंच रुंद आणि समोरून सपाट. यांची गोल, आणि सगळ्यात जाड जागी अडीच इंचांपेक्षा थोडीशीच जास्त. गोल चेंडू गोल दांड्याच्या बरोबर मध्यावर लागला तरच तो पुढे जातो, थोडा वर लागला तर आकाशात, थोडा खाली लागला तर जमिनीवर सरपटत.

तिसरं कारण मैदान, आणि हे क्रिकेटवाल्याच्या लक्षात उशिरा येतं. आपल्याकडे मैदान ३६० अंश, थर्डमॅनला ढकला, फाइनलेगला वळवा, स्कूप मारा, कुठेही रन. इथे होम प्लेटपासून निघणाऱ्या दोन रेषांमधला ९० अंशांचा पाचरीसारखा भागच फक्त चालतो, म्हणजे ढोबळपणे मिडविकेटपासून कव्हरपर्यंत. रेषेबाहेर गेला की फाउल. आपल्याकडे ज्या इनसाइड एजला चार रन मिळतात त्याचे इथे शून्य, उलट बहुतेक वेळा बॅटरच्याच नावावर दोष लागतो.

त्यामुळे दहापैकी तीन वेळा ज्याचा फटका नीट लागतो तो बॅटर इथे खूप चांगला मानतात. पहिल्यांदा ऐकताना हे कमी वाटतं, पण वरची तीन कारणं एकत्र ठेवली की पटतं.

स्ट्राइक आणि बॉल

आता मुख्य गोष्ट. पिचरने फेकलेल्या आणि रेषेच्या आत न मारल्या गेलेल्या जवळजवळ प्रत्येक चेंडूला एक शिक्का बसतो, स्ट्राइक किंवा बॉल. स्ट्राइक पिचरच्या फायद्याचा, बॉल बॅटरच्या फायद्याचा. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आऊट. चार बॉल झाले की बॅटरला पहिल्या बेसवर फुकट जाता येतं, त्याला वॉक म्हणतात. बेस म्हणजे रन पुरा करायला ओळीने गाठायचे थांबे, तीन बेस आणि मग परत होम प्लेट, एवढा फेरा पूर्ण झाला की एक रन.

बॉलला आपला वाईड समजायला हरकत नाही, पण फरक असा की वाईडला एक रन लगेच मिळतो आणि विषय संपतो, इथे पहिल्या तीन बॉलना काहीच मिळत नाही, ते फक्त साठत जातात आणि चौथ्याला एकदम फळ मिळतं.

स्ट्राइक तीन प्रकारे लागतो. बॅट फिरवली आणि लागलं नाही, चेंडू कुठेही असो, स्ट्राइक. बॅट फिरवली नाही पण चेंडू चौकटीतून गेला, स्ट्राइक. फाउल मारला, स्ट्राइक, पण इथे एक सवलत आहे: आधीच दोन स्ट्राइक असतील तर साध्या फाउलला तिसरा मोजत नाहीत, त्यामुळे चिवट बॅटर दोन स्ट्राइकवर फाउलवर फाउल मारत पिचरला दमवत बसतो. हे फाउल बघताना कंटाळू नका, टेस्टमध्ये नाइटवॉचमन जसा चेंडू खाऊन बॉलर थकवतो तेच काम चाललेलं असतं. (फाउल हवेत असताना कोणी कॅच घेतला तर मात्र आऊट.)

या तीन प्रकारांत एक बारीक गोष्ट आहे आणि सगळ्या खेळाचा गाभा तिथेच आहे असं मला वाटतं. क्रिकेटमध्ये ऑफस्टंपच्या बाहेरचा चेंडू सोडणं फुकट असतं, दिवसभर सोडा, कोणी विचारणार नाही. इथे चौकटीतला चेंडू सोडला तर स्ट्राइक, आणि चौकटीबाहेरचा मारायला जाऊन चुकलात तरीही स्ट्राइक, जो न मारता नुसता बघितला असता तर बॉल मिळाला असता. म्हणजे पिचरला चेंडू चौकटीत टाकायचाच असतो असं नाही. त्याला असा चेंडू टाकायचाय जो निघताना चौकटीतला वाटेल आणि पोचेपर्यंत बाहेर गेलेला असेल. ऑफस्टंपबाहेरच्या आउटस्विंगरवर बॅट्समनला खेळायला लावणं जे आपण वर्षानुवर्षं बघतोय तेच, फक्त इथे स्लिप नाही, एजची गरज नाही, नुसता मिस झाला तरी पिचरचं काम झालं.

काउंट म्हणजे भावाची घासाघीस

स्क्रीनवर १-२, ३-१ असे आकडे दिसतात तो काउंट. पहिला आकडा बॉलचा, दुसरा स्ट्राइकचा. नवीन बॅटर आला की ०-० पासून सुरुवात.

आता समजा ०-२ आहे. बॅटर कोपऱ्यात सापडलाय, अजून एक स्ट्राइक की संपलं, पिचरच्या खिशात मात्र तीन बॉल शिल्लक आहेत. अशा वेळी तो चौकटीत टाकतच नाही, बाहेर टाकतो, खाली टाकतो, बघू तरी हा मारायला येतो का, नाही आला तर एक बॉल गेला, बिघडलं काय. उलट ३-० असेल तर पिचर अडकला, त्याला चौकटीत टाकावंच लागतं, आणि चौकटीत सरळ वेगवान चेंडूच सगळ्यात खात्रीने टाकता येतो, हे बॅटरलाही माहीत असतं. ३-० ला बहुतेक बॅटर नुसते बघतात, चौथा बॉल मिळतो का म्हणून. ३-१ ला मात्र ते दबा धरून बसलेले असतात, कारण काय येणार याचा अंदाज त्यांना सगळ्यात जास्त तेव्हाच असतो.

म्हणजे एकच चेंडू, त्याच वेगाचा, त्याच जागेचा, ०-२ ला टाकला तर शहाणपणाचा आणि ३-१ ला टाकला तर महाग पडणारा. क्रिकेटमध्ये शेवटच्या ओव्हरमध्ये किती हवेत यावर बॉलरचा यॉर्कर की स्लोअर हे ठरतं, तशी परिस्थिती इथे प्रत्येक बॅटरला, प्रत्येक चेंडूनंतर नव्याने तयार होते. काउंट कळला नाही तर हे काहीच दिसत नाही, नुसता एक माणूस फेकतोय आणि दुसरा बघतोय एवढंच दिसतं.

ओहतानी विरुद्ध ट्राउट, सहा चेंडू

वाचून कळण्यापेक्षा एक खरा प्रसंग चेंडू-चेंडू बघूया. वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, म्हणजे देशादेशांतला बेसबॉलचा वर्ल्डकप, त्याची २०२३ ची फायनल, जपान विरुद्ध अमेरिका, मायामीत. तिथे २१ मार्चची रात्र होती, आपल्याकडे २२ तारीख उजाडली होती, गुढीपाडवा. अमेरिकेतल्या रात्रीच्या मॅच आपल्याकडे पहाटे सुरू होतात आणि पोदेर पाव देऊन गेल्यावर संपतात, तशीच ही.

शेवटची इनिंग, जपान ३, अमेरिका २. जपानचा शोहेई ओहतानी, जो त्याच मॅचमध्ये बॅटिंगही करत होता, शेवटचे तीन आऊट घ्यायला पिचर म्हणून आला. पहिल्या बॅटरला त्याने चार बॉल टाकले, वॉक, म्हणजे अमेरिकेचा एक माणूस पहिल्या बेसवर आणि बरोबरी करायची संधी. पुढचा मुकी बेट्स, अतिशय चांगला बॅटर, त्याने चेंडू जमिनीलगत मारला आणि जपानने त्या एका चेंडूवर दोघांना आऊट केलं. याला डबल प्ले म्हणतात. क्रिकेटमध्ये एका चेंडूवर एकच आऊट होतो, इथे तसं बंधन नाही. बेट्सने मारलं की त्याला पहिल्या बेसकडे धावावंच लागतं, म्हणून आधीचा माणूस दुसऱ्याकडे ढकलला जातो, आणि चेंडू माणसाआधी बेसवर पोचला की तो आऊट, रनआऊटसारखंच पण दोन्ही एंडला, एकामागून एक.

आता दोन आऊट, बेस रिकामे, आणि समोर माइक ट्राउट, अमेरिकेचा कॅप्टन. हा आणि ओहतानी तेव्हा लॉस एंजेलिस एंजल्स या एकाच टीममधून खेळायचे, म्हणजे एकमेकांच्या सवयी रोजच्या पाहण्यातल्या, पण मॅचमध्ये समोरासमोर कधी आलेच नव्हते.

पहिला चेंडू स्लायडर. स्लायडर म्हणजे थोडा हळू पण शेवटी आडवा सरकणारा चेंडू, उजव्या हाताच्या पिचरकडून उजव्या हाताच्या बॅटरपासून लांब जाणारा, आपला लेगकटर वेगात आणि टप्प्याशिवाय गेला तर जसा दिसेल तसा. तो खाली राहिला, ट्राउटने सोडला. १-०.

दुसरा फास्टबॉल, ताशी १६१ किलोमीटर, जवळपास मधोमध. ट्राउटने पूर्ण ताकदीने बॅट फिरवली, लागलं नाही. १-१.

तिसरा तसाच वेगवान पण बाहेर. ट्राउटने बघितला आणि सोडला, डोळा किती चांगला ते इथे दिसतं, कारण आधीच्याच चेंडूवर तो चुकला होता आणि तरी मोहात पडला नाही. २-१.

चौथा परत १६० च्या वर, परत चौकटीत, परत बॅट फिरली, परत मिस. २-२. आता एक स्ट्राइक बाकी.

पाचवा सगळ्यात वेगवान, १६३ च्या पुढे, पण ताबा सुटला, चेंडू खूपच बाहेर गेला. ३-२. याला फुल काउंट म्हणतात, दोघांचीही पाठ भिंतीला, अजून एक बॉल पडला तर वॉक, एक स्ट्राइक लागला तर वर्ल्डकप.

इथे थांबून विचार करा ट्राउटच्या बाजूने. लागोपाठ चार फास्टबॉल आलेत. ३-२ ला पिचर बहुतेक चौकटीत टाकायला जातो, आणि जवळपासचा चेंडू सोडायची हिंमत बॅटर करू शकत नाही, कारण अंपायरने स्ट्राइक दिला तर नुसता बघत उभा राहून आऊट. त्यामुळे त्याची बॅट १६० च्या हिशोबाने आधीच निघणार.

आणि आता ओहतानीच्या बाजूने. बेस रिकामे आहेत, म्हणजे वॉक दिला तर एक माणूस पहिल्या बेसवर जाईल, वाईट आहे पण स्कोर ३-२ च राहतो, पुढचा पॉल गोल्डश्मिट येईल, त्याच्याशी परत ०-० पासून. पण चौकटीच्या मध्ये फास्टबॉल टाकला आणि ट्राउटने तो मैदानाबाहेर मारला तर ३-३. वॉकचा तोटा छोटा, सिक्सरचा तोटा मोठा. म्हणजे चौकटीत टाकायची सक्ती वाटते तेवढी नव्हती.

सहावा चेंडू स्लायडर. १४० किलोमीटर, आधीच्यापेक्षा वीसेक किलोमीटर हळू. निघाला प्लेटच्या मध्याकडे आणि शेवटी ट्राउटपासून लांब सरकत बाहेर गेला. बॅट लवकर आली आणि चेंडू तिच्या पलीकडून कॅचरच्या हातात गेला. तिसरा स्ट्राइक, जपान चॅम्पियन.

या सहा चेंडूंत बॅटचा चेंडूला एकदाही स्पर्श झाला नाही. काउंट न वाचणाऱ्याला वाटेल काही घडलंच नाही. मी हा तुकडा कितीतरी जणांना दाखवलाय आणि पाचव्या चेंडूनंतर पॉज करून विचारतो की आता तू काय टाकशील, आणि जो माणूस बुमराहचा स्लोअर बॉल ओळखून टाळ्या वाजवतो तो दर वेळी बरोबर उत्तर देतो, हळूवाला, बाहेर.

इनिंग नऊ कशा काय?

क्रिकेटमध्ये एक टीम दहा विकेट पडेपर्यंत किंवा ओव्हर संपेपर्यंत खेळते मग दुसरी. इथे बॅटिंगचे नऊ तुकडे केलेत. एका टीमचे तीन आऊट झाले की ती फील्डिंगला, दुसरी बॅटिंगला, तिचेही तीन झाले की एक इनिंग पुरी. अशा नऊ, म्हणजे प्रत्येक टीमकडे एकूण २७ आऊट. ओव्हरची मर्यादा नाही, वेळेचीही नाही, फक्त आऊट मोजायचे.

नऊ बॅटरचा क्रम ठरलेला असतो आणि इनिंग संपली तरी तो तुटत नाही. या वेळी पाचव्या नंबरला तिसरा आऊट झाला तर पुढच्या इनिंगला सहावा सुरुवात करणार. आऊट झालेला माणूस दिवसभर पॅव्हेलियनमध्ये बसत नाही, त्याचा नंबर परत येतो, म्हणून एक चांगला बॅटर एका मॅचमध्ये चार-पाच वेळा येतो. हे कळलं की आऊटला इथे एवढा शोक का नसतो ते लक्षात येतं. उलट पिचरचा नियम कडक आहे, त्याला एकदा बाहेर काढलं की तो त्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही, आणि साधारण शंभर चेंडूंच्या आसपास हात दमायला लागतो, त्यामुळे शेवटच्या इनिंगसाठी ताजा माणूस राखून ठेवतात. ओहतानी शेवटी आला तो असाच.

प्रत्येक तीन आऊटनंतर बेसवरची माणसं पुसली जातात, तिसऱ्या बेसवर उभा असलेला, रनपासून एका पावलावर असलेला माणूससुद्धा. म्हणून कमी रनची मॅच पण धडधड वाढवते: दोन आऊट, तिसऱ्या बेसवर माणूस, काउंट ३-२, आणि एकाच चेंडूने सगळं जमा होणार किंवा सगळं शून्य होणार.

यजमान टीम कायम दुसरी खेळते, टॉस नाही. नवव्या इनिंगचा पहिला अर्धा भाग संपल्यावर यजमान पुढे असतील तर उरलेला अर्धा खेळतच नाहीत. मायामीच्या त्या फायनलमध्ये कागदावर यजमान जपान होता, म्हणून ट्राउट आऊट होताच मॅच संपली. बरोबरी झाली तर इनिंग वाढत जातात, ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्ल्ड सिरीजमधली, म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीगच्या फायनलमधली, डॉजर्स आणि ब्लू जेज या टीमची एक मॅच १८ इनिंग चालली, म्हणजे दोन मॅच एकाच रात्रीत.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. शेतातल्या क्रिकेटमध्ये आपण ‘एक टप्पा आऊट’ खेळतो ना, चेंडू एकदा जमिनीला लागून हातात आला तरी कॅच. १८६४ पर्यंत बेसबॉलचा अधिकृत नियम हाच होता! त्या काळात खेळाडू हातमोजे वापरत नसत, त्यामुळे तो नियम सोयीचा होता, पुढे थेट कॅचच धरायचा असं ठरलं.

आणि अंपायर चुकला तर?

चौकट हवेत आहे, तिची खालची-वरची कड प्रत्येक बॅटरच्या उंचीप्रमाणे बदलते, चेंडू १६० ने येतोय आणि अंपायर कॅचरच्या खांद्यावरून बघतोय. चूक होणारच. चांगले कॅचर तर चेंडू पकडताना हातमोजा हळूच चौकटीकडे ओढतात, अंपायरला स्ट्राइक वाटावा म्हणून, आणि ही कला इतकी मोलाची की त्यावर कॅचरची किंमत ठरायची.

२०२६ च्या सीझनपासून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये यासाठी डीआरएससारखी सोय आलीय. निर्णय अंपायरच देतो, पण प्रत्येक टीमकडे दोन चॅलेंज असतात, बरोबर ठरलं तर चॅलेंज शिल्लक राहतं. आपल्याकडे कॅप्टन टी करतो आणि त्याआधी पंधरा सेकंद सगळ्यांशी चर्चा चालते. इथे कॅप्टन नाही, कोच नाही, फक्त पिचर, कॅचर आणि बॅटर या तिघांपैकीच कोणी, आणि तेही लगेच, स्वतःच्या टोपीवर किंवा हेल्मेटवर टॅप करून. कोणाकडे बघायला वेळ नाही.

कॅमेऱ्यांच्या हिशोबात चौकटीची वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि खालची २७ टक्क्यांवर धरतात, म्हणजे सहा फुटी माणसाला साधारण ९८ आणि ४९ सेंटिमीटर. आणि आपल्या डीआरएसमध्ये ज्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात ती अंपायर्स कॉलची भानगड इथे ठेवलेलीच नाही, चेंडूची कड चौकटीच्या रेषेला केसाएवढी जरी लागली तरी तो स्ट्राइक, अंपायर आधी काय म्हणाला होता याला काही अर्थ नाही.